लाल ओळ आणि तिच्या शेजारच्या तीन ओळी

विज्ञान शिक्षकांच्या एका परिषदेत काही वर्षांपूर्वी मी नोंदणीच्या टेबलावर होतो. सकाळी साडेअकराला वरच्या मजल्यावरून निरोप आला, की खालच्या दालनात लोक मावत नाहीत, दाराबाहेर वीस-पंचवीस शिक्षक उभे आहेत. मी धावत गेलो. दालन साठ खुर्च्यांचं होतं. मागे लोक भिंतीला टेकून उभे होते आणि दारातून आत काही दिसत नव्हतं. जिन्याजवळच्या दुसऱ्या दालनात नव्वद खुर्च्या होत्या आणि तिथे जेमतेम पस्तीस-चाळीस माणसं सैलावून बसली होती. दोन्ही वक्ते आपापल्या जागी बोलायला लागले होते, त्यामुळे आता काही हलवता येणार नव्हतं.

वाईट याचं वाटलं, की ही गर्दी आम्हाला चार दिवस आधीच कळू शकली असती. कोण कुठल्या सत्राला बसणार हे प्रत्येकाने नोंदणी अर्जात लिहिलं होतं आणि ते सगळं एका स्प्रेडशीटमध्ये पडून होतं. आम्ही ते मोजलं नव्हतं. पुढच्या परिषदेच्या वेळी मी मोजणीचा तक्ता केला आणि त्याला कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं, म्हणजे ठरवलेली अट पूर्ण झाली की सेलचा रंग आपोआप बदलतो ती सोय. तो तक्ता कसा बांधला, कुठे चुकला आणि लाल रंग दिसल्यावर काय केलं, ते इथे सांगतो.

आधी तीन पानं

परिषद एका दिवसाची होती. पाच तासिका आणि प्रत्येक तासिकेत चार ठिकाणी एकाच वेळी चार सत्रं, म्हणजे एकूण वीस सत्रं. जागा अशा: मुख्य सभागृह १८० जणांचं, वरचे दालन ९० जणांचं, खालचे दालन ६० जणांचं आणि प्रयोगशाळा ४० जणांची. नोंदणी २१२ शिक्षकांची झाली. चारही जागा मिळून ३७० जण बसतात, त्यामुळे एकूण जागा भरपूर होती. अडचण फक्त वाटणीची होती. समांतर सत्रांच्या परिषदेत बहुतेक वेळा असंच असतं. एकूण बेरीज पाहिली तर सगळं ठीक दिसतं आणि एका दारात मात्र गर्दी होते.

स्प्रेडशीटमध्ये तीन पानं केली. पहिलं `Dalane`: त्यात जागेचं नाव आणि बसण्याची संख्या, फक्त चार ओळी. दुसरं `Nondani`: गुगल फॉर्ममधून येणारी उत्तरं. त्यात A ते C रकान्यांत वेळ, नाव आणि मोबाइल, तर D ते H रकान्यांत पाच तासिकांसाठी निवडलेली पाच सत्रं. तिसरं `Satre`: हा आपला कामाचा तक्ता, ज्यात प्रत्येक सत्राला एक ओळ. A मध्ये सत्राचा कोड, B मध्ये तासिका, C मध्ये विषय, D मध्ये जागा, E मध्ये क्षमता आणि F मध्ये नोंदणी.

कोड ठरवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आम्ही `T3-2` असे कोड दिले: तिसरी तासिका, दुसरं सत्र. पुढचं अक्षर गाळून नुसतं 3-2 लिहिलं, तर स्प्रेडशीट ती तारीख समजते आणि कोडच्या जागी तारीख येऊन बसते. दुसरं म्हणजे कोडमध्ये जागेचं नाव घालू नये. गर्दी झाली की जागाच बदलायची असते. मग ‘खालचे दालन’ असं सांगणारा कोड वरच्या दालनातल्या सत्राला चिकटून राहतो आणि स्वयंसेवक गोंधळतात.

क्षमता हाताने लिहायची नाही. ती जागेच्या नावावरून यायला हवी:

```
=VLOOKUP($D2,Dalane!$A$2:$B$5,2,FALSE)
```

हे सूत्र D2 मधलं जागेचं नाव `Dalane` पानावर शोधतं आणि त्याच्या समोरची संख्या आणतं. त्याचा उपयोग पुढे दिसेल. सत्र दुसऱ्या जागी नेलं की क्षमता आपोआप बदलते आणि तिच्यासोबत रंगही.

नोंदणी मोजायची ती अशी:

```
=COUNTIF(Nondani!$D:$H,$A2&"*")
```

फॉर्ममध्ये शिक्षकाला ‘T3-2 टाकाऊतून प्रयोग’ असा पूर्ण पर्याय दिसतो आणि तसाच तो पानावर येतो. सूत्रातली शेवटची चांदणी सांगते, की कोडपुढे काहीही असलं तरी चालेल. दोन्ही सूत्रं दुसऱ्या ओळीत लिहून खाली एकविसाव्या ओळीपर्यंत ओढायची. एक पर्याय भरला म्हणून गुगल फॉर्म तो स्वतःहून बंद करत नाही. त्यामुळे हे मोजणं आपल्यालाच करावं लागतं.

रंगांचे नियम

आता A2 ते F21 हा सगळा भाग निवडायचा. गुगल शीट्समध्ये `Format` मधून `Conditional formatting` आणि तिथे `Custom formula is`. एक्सेलमध्ये `Home` मधून `Conditional Formatting`, मग `New Rule` आणि `Use a formula to determine which cells to format`. मुख्य नियम एका ओळीचा आहे:

```
=$F2>$E2
```

नोंदणी क्षमतेपेक्षा जास्त असेल तर लाल. या छोट्या सूत्रात लोक सर्वांत जास्त चुकतात ते डॉलरच्या चिन्हापाशी. F आणि E यांच्याआधी डॉलर आहे, २ च्या आधी नाही. अक्षराआधीचा डॉलर सांगतो, की ओळीतला कुठलाही सेल रंगवताना बघायचं F आणि E कडेच. त्यामुळे कोडपासून नोंदणीपर्यंत पूर्ण ओळ लाल होते. आकड्याआधी डॉलर नसल्यामुळे नियम खाली उतरताना २ चा ३, ३ चा ४ होत जातो. `$F$2` असं लिहिलं तर वीसही ओळी पहिल्या सत्राकडे बघून रंग ठरवतात आणि एकतर सगळा तक्ता लाल होतो किंवा एकही ओळ होत नाही.

सूत्र नेहमी निवडलेल्या भागाच्या पहिल्या ओळीसाठी लिहायचं असतं. शीर्षकासकट A1 पासून भाग निवडला आणि सूत्रात मात्र २ लिहिला, तर रंग एक ओळ वर सरकतो. गर्दीच्या सत्राच्या वरची ओळ लाल दिसली, की ही चूक झाली म्हणून ओळखावं.

दुसरा नियम भरत आलेल्या सत्रांसाठी, केशरी रंगाचा:

```
=$F2>=$E2*$J$1
```

J1 मध्ये मी 0.9 लिहिलं होतं, म्हणजे नव्वद टक्के भरलं की केशरी. इथे मात्र J आणि १ दोन्हींच्या आधी डॉलर हवा, कारण सगळ्या ओळींनी त्याच एका सेलकडे बघायचं आहे. उंबरठा सूत्रात न कोंबता सेलमध्ये ठेवला, की समितीच्या बैठकीत कुणी ‘ऐंशी टक्क्यांना दाखव’ म्हटलं तर नियम उघडावा लागत नाही.

नियमांचा क्रमही महत्त्वाचा आहे. लाल ओळ केशरीची अटसुद्धा पूर्ण करतेच, कारण शंभर टक्क्यांच्या वर गेलेलं सत्र नव्वद टक्क्यांच्या वर असतंच. म्हणून यादीत लाल वर आणि केशरी खाली. उलटं झालं तर साठ खुर्च्यांच्या दालनात त्र्याऐंशी नावं असूनही ओळ केशरीच राहते आणि लाल रंग कुठेच दिसत नाही.

पांढरी ओळ नेहमी खरी नसते

पहिल्या संध्याकाळी तक्ता तयार झाला तेव्हा तिसऱ्या तासिकेतली एकही ओळ लाल नव्हती. मला बरं वाटलं, पण ते चूक होतं. `Dalane` पानावर कुणीतरी खालच्या दालनासमोर ‘60 खुर्च्या’ असं लिहिलं होतं. माणसाला ते वाचता येतं, पण स्प्रेडशीटसाठी तो आकडा उरत नाही, मजकूर होतो. आणि आकडा व मजकूर यांची तुलना केली, तर स्प्रेडशीट मजकूर नेहमी मोठा धरते. त्यामुळे नोंदणी कितीही वाढली तरी ती ‘60 खुर्च्या’पेक्षा जास्त होतच नाही. केशरीच्या सूत्रात त्या मजकुराला गुणायला गेलं की त्रुटी येते आणि त्रुटी आली की नियम लागत नाही. दोन्ही नियम गप्प राहतात आणि सर्वांत जास्त गर्दीची ओळ स्वच्छ पांढरी दिसते.

डोळ्यांनी ओळखायची खूण सोपी आहे. आपण काही बदल केला नसेल तर आकडे सेलच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या कडेला. क्षमतेच्या रकान्यात एखादी संख्या डावीकडे सरकलेली दिसली की संशय घ्यावा. पण रात्री अकराला वीस ओळींमध्ये ते दिसेलच याचा भरवसा नाही. म्हणून मी सर्वांत वर करड्या रंगाचा एक नियम घातला:

```
=NOT(ISNUMBER($E2))
```

क्षमता आकडा नसेल तर ओळ करडी. मजकूर असो, जागा रिकामी असो किंवा जागेचं नाव चुकल्यामुळे `#N/A` आलेलं असो, हा नियम तिन्ही पकडतो. ‘वरचे दालन’च्या शेवटी एक अदृश्य स्पेस राहिली तरी VLOOKUP ला ते नाव सापडत नाही. त्यामुळे D रकान्यात जागेचं नाव टाइप न करता ड्रॉपडाउनमधून निवडावं. करड्याचा अर्थ ‘या ओळीबद्दल तक्त्याला काही माहीत नाही’. हा रंग नसेल तर ‘सगळं ठीक’ आणि ‘काहीच माहीत नाही’ या दोन्ही ओळी पांढऱ्याच दिसतात.

दुसरी गळती मोजणीत होती. काही शिक्षकांनी फोनवर नावं दिली होती आणि ती एका स्वयंसेवकाने हाताने भरली होती. तीन ठिकाणी `T3-2` ऐवजी `T32` झालं होतं. COUNTIF ला तो कोड ओळखू आला नाही आणि ती तीन माणसं कुठल्याच सत्रात मोजली गेली नाहीत. हे रंगावरून कधीच कळलं नसतं. कळलं ते बेरजेवरून. प्रत्येकाने प्रत्येक तासिकेत एक सत्र निवडायचं होतं, म्हणून तिसऱ्या तासिकेतल्या चार सत्रांची बेरीज २१२ यायला हवी होती. ती २०९ आली. पूर्ण तक्त्यासाठी F रकान्याची बेरीज खालच्या आकड्याशी जुळवून बघावी:

```
=COUNTA(Nondani!$D:$H)-5
```

D ते H मध्ये जेवढे सेल भरलेले आहेत, त्यातून पाच शीर्षकं वजा. आमच्या परिषदेत हा आकडा २१२ गुणिले ५, म्हणजे १०६०. F ची बेरीज याहून कमी आली, तर काही नावं चुकीच्या कोडखाली हरवली आहेत. ती जुळेपर्यंत रंगांवर विश्वास ठेवू नये.

लाल दिसल्यावर

दोन्ही दुरुस्त्या झाल्यावर तिसरी तासिका अशी दिसली. `T3-1`, मूल्यमापनावरचं व्याख्यान, मुख्य सभागृहात: १८० पैकी ६४. `T3-2`, टाकाऊतून प्रयोग, खालच्या दालनात: ६० पैकी ८३. `T3-3`, वर्गात विज्ञानकथा, वरच्या दालनात: ९० पैकी ३८. `T3-4`, बीजांचे नमुने, प्रयोगशाळेत: ४० पैकी २७. `T3-2` ची ओळ लाल होती, तेवीस माणसं जादा.

तक्ता तासिकेनुसार लावलेला असला की लाल ओळीला लागूनच त्याच वेळेच्या बाकी तीन ओळी असतात, आणि उत्तर बहुतेक वेळा त्या तीन ओळींतच मिळतं. एका सत्राची गर्दी म्हणजे त्याच वेळी दुसरीकडे रिकाम्या खुर्च्या. त्यामुळे बघायचं एवढंच, की या चारपैकी कुठली दोन सत्रं जागा बदलू शकतात.

समितीत पहिली सूचना आली, की प्रयोगांचं सत्र मुख्य सभागृहात न्या, तिथे ११६ खुर्च्या रिकाम्या आहेत. पण मग सभागृहातले ६४ जण खालच्या दालनात येतील आणि तिथे जागा ६० जणांची. एक लाल ओळ जाऊन दुसरी आली असती, चौघांची. म्हणून वरच्या दालनाशी अदलाबदल तपासली. तिथले ३८ जण ६० खुर्च्यांत आरामात बसतात आणि ८३ जण ९० खुर्च्यांत मावतात. अदलाबदलीत दोन्ही बाजू तपासायच्या असतात. मोठी जागा रिकामी आहे एवढ्याने भागत नाही, तिथून निघणारी माणसंही मावली पाहिजेत.

तक्त्यात हे करून बघायला दोन सेल बदलावे लागतात. `T3-2` च्या D रकान्यात ‘वरचे दालन’ निवडलं आणि क्षमता ९० झाली. ओळ लालची केशरी झाली, कारण ९० चे नव्वद टक्के म्हणजे ८१ आणि आपली नावं ८३. `T3-3` मध्ये ‘खालचे दालन’ निवडलं, क्षमता ६० झाली, ओळ पांढरीच राहिली. ती केशरी ओळ आम्ही तशीच ठेवली. तिचा अर्थ आम्हाला कळत होता: सात खुर्च्या शिल्लक, आयत्या वेळी येणाऱ्यांना या सत्राची नोंदणी द्यायची नाही.

या दोन बदलांच्या मधल्या क्षणी एक धोका असतो. पहिला सेल बदलला आणि तेवढ्यात फोन आला, तर एकाच वेळी दोन सत्रं वरच्या दालनात राहून जातात. दोन्ही ओळींत गर्दी नसते, त्यामुळे लाल काही दिसत नाही. त्यासाठी D2 ते D21 या रकान्यापुरता जांभळ्या रंगाचा नियम लावला आणि तो यादीत लालच्या वर ठेवला:

```
=COUNTIFS($B$2:$B$21,$B2,$D$2:$D$21,$D2)>1
```

तीच तासिका आणि तीच जागा एकाहून जास्त ओळींत आली तर जागेचं नाव जांभळं. अदलाबदल करताना दोन सेल क्षणभर जांभळे होतात आणि दुसरा बदल केला की रंग जातो. तो गेला नाही तर काम अर्धवट राहिलं आहे.

चौथ्या तासिकेत मात्र हा उपाय चालला नाही. सूक्ष्मदर्शक हाताळणीच्या कार्यशाळेला ५८ नावं होती आणि प्रयोगशाळेत जागा ४० जणांची. बाकी जागा रिकाम्या होत्या, पण सूक्ष्मदर्शक वीस होते आणि एकावर दोघांहून जास्त माणसं बसली तर कुणालाच काही दिसत नाही. इथली क्षमता उपकरणांनी ठरत होती, खुर्च्यांनी नाही, आणि ते तक्त्याला माहीत नव्हतं. आम्ही `Nondani` पानावरच्या वेळेच्या रकान्यावरून पहिले चाळीस ठेवले आणि उरलेल्या अठरा जणांना फोन करून दुसरं सत्र विचारलं. फोनवर बहुतेकांनी समजून घेतलं. हेच दारात सांगावं लागलं असतं तर फार जड गेलं असतं.

रंग कुठपर्यंत पुरतो

परिषदेच्या दिवशी दारातल्या स्वयंसेवकाच्या हातात कागद असतो, बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सचा. त्यावर लाल आणि केशरी दोन्ही सारखेच करडे दिसतात. काही जणांना पडद्यावरही लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. म्हणून रंगाच्या जोडीला G रकान्यात शब्दही असावा:

```
=IF($F2>$E2,"जादा "&($F2-$E2),"")
```

हा शब्द आणखी एका कामाला येतो. किती सत्रं लाल आहेत हे COUNTIF ला विचारता येत नाही, ते सूत्र मजकूर आणि आकडे मोजतं, रंग मोजत नाही. G मधला ‘जादा’ मात्र मोजता येतो.

तक्ता चार जणांच्या हातात गेला की आणखी एक बिघाड होतो. कुणीतरी एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवतं, तिच्याबरोबर रंगाचे नियमही जातात आणि एका नियमाचे पाच तुकडे होतात. एक्सेलमध्ये `Manage Rules` उघडलं की तोच नियम वेगवेगळ्या ओळींसाठी पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून चिकटवताना फक्त मूल्य चिकटवायचं. गुगल शीट्समध्ये त्यासाठी `Ctrl+Shift+V`.

एक गोष्ट कुठल्याच नियमाला कळत नाही. F मधला आकडा इच्छा सांगतो, हजेरी नाही. नाव दिलेले सगळे येत नाहीत आणि काही जण ऐन वेळी मित्राबरोबर दुसऱ्याच दालनात जाऊन बसतात. काही आयोजक हे धरून क्षमतेपेक्षा थोडी जास्त नावं घेतात. आम्ही लालची रेषा क्षमतेवरच ठेवली, कारण खालच्या दालनाला दार एकच होतं आणि ते अरुंद जिन्यावर उघडत होतं. रेषा कुठे ओढायची हे दार, जिना आणि आपल्या लोकांची सवय बघून आयोजकांनी ठरवायचं असतं. स्प्रेडशीट ती रेषा फक्त पाळते.

परिषदेच्या दिवशी साडेअकराला मी वर गेलो. प्रयोगांचं सत्र वरच्या दालनात सुरू झालं होतं. मागच्या रांगेत काही खुर्च्या मोकळ्या होत्या आणि दार बंद करता येत होतं. खाली विज्ञानकथेच्या सत्रात वक्त्या बाईंनी खुर्च्या गोल मांडून घेतल्या होत्या. जिन्यात कुणी उभं नव्हतं.